कालचे सोबती, आजची शिफ्ट: आधी रजेचा तक्ता, मग नेतृत्व

प्रश्न: चाकणजवळच्या एका कारखान्यात सीएनसी टर्निंग विभागात मी आठ वर्षे ऑपरेटर आणि नंतर सेटर म्हणून काम केले. दोन महिन्यांपूर्वी मला दुसऱ्या शिफ्टचा टीम लीडर केले. हाताखाली अकरा जण आणि आठ मशीन आहेत. अकरांपैकी सात जण माझे जुने सोबती आहेत, आणि त्यांतल्या एकाला माझ्याआधी बढती मिळायला हवी होती असे सगळ्यांचे मत आहे. प्रशिक्षणात सांगतात, 'मॅनेजर होऊ नका, लीडर व्हा.' पण समजुतीने घेतले तर कोणी मनावर घेत नाही, आणि जरा कडक बोललो की 'खुर्ची मिळाली आणि बदलला' असे ऐकावे लागते. मी नेमके काय करावे?

उत्तर:

प्रशिक्षणाच्या खोलीतले ते वाक्य ऐकायला बरे वाटते, पण तुमच्या जागेवरच्या माणसाचे त्याने बरेच नुकसान होते. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात सत्तावीस वर्षे काम करताना मी अनेक चांगले सेटर टीम लीडर झालेले पाहिले. त्यांतले जे अडखळले, त्यांतले बहुतेक नेतृत्वात कमी पडले म्हणून अडखळले नाहीत. रजा, ओव्हरटाइम आणि मशीनचे वाटप ही साधी व्यवस्थापनाची कामे त्यांनी दुय्यम मानली, आणि मने जिंकण्याच्या मागे लागले. जुन्या सोबत्यांकडून काम करून घेण्याची वेळ येते तेव्हा हा क्रम उलटा असावा लागतो.

हे दोन शब्द वेगळे का आहेत, ते आधी थोडक्यात पाहू. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे जॉन कॉटर यांनी १९९० मध्ये हा भेद मांडला, तो मला कारखान्यात सर्वांत उपयोगी वाटतो. त्यांच्या मते व्यवस्थापन गुंतागुंत हाताळते आणि नेतृत्व बदल हाताळते. अकरा माणसे, आठ मशीन, तीन पार्ट नंबर आणि रात्री साडेअकराला निघणारी गाडी यांचा मेळ घालणे हे व्यवस्थापन. काम करण्याची जुनी सवय मोडून नवी लावणे, आणि ती लागेपर्यंत लोकांना सोबत ठेवणे हे नेतृत्व. एक थोर आणि दुसरे हलके असे कॉटर यांनी कुठेही म्हटलेले नाही. दोन्ही एकमेकांना पूरक आहेत यावरच त्यांचा भर होता. ते उच्च-नीच नंतर पोस्टरवर चढले.

आता तुमच्या शिफ्टकडे त्यांच्या बाजूने पाहा. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत तुम्ही त्यांच्याबरोबर बसून जुन्या लीडरविषयी कुरकुर करत होतात. आज चार गोष्टी तुमच्या हातात आल्या आहेत: कोणाला कोणते मशीन, कोणाला कधी रजा, कोणाला ओव्हरटाइम, आणि कोणाविषयी वर काय बोलले जाते. हे चारही निर्णय तुमच्या डोक्यात राहतात तोवर प्रत्येक निर्णय दोस्तीतून किंवा रागातून घेतला असेच समोरच्याला वाटणार, कारण तुमचे त्यांच्याशी नाते दोस्तीचेच होते. बाहेरून आलेल्या लीडरला ही अडचण नसते. तो चुकला तर लोक म्हणतात की त्याला कळत नाही. तुम्ही चुकलात तर म्हणतात की त्याने मुद्दाम केले. म्हणून हे चारही निर्णय डोक्यातून काढून भिंतीवर लावणे हे तुमचे पहिले काम आहे.

हे मी माझ्याच चुकीतून शिकलो. मला सुपरवायझर होऊन जेमतेम चार महिने झाले होते आणि गणपती आले. माझ्या शिफ्टमध्ये चौघे कोकणातले होते आणि चौघांनाही गावी जायचे होते. त्यांतला एक माझ्याबरोबर एका खोलीत तीन वर्षे राहिलेला. त्याने आदल्या रात्री फोन केला आणि मी 'जा, बघतो मी' म्हणून टाकले. दुसऱ्या दिवशी उरलेल्या तिघांना मी उत्पादनाचे कारण देऊन नाही म्हटले. त्यांतल्या दोघांनी काही न बोलता दांडी मारली, तिसरा कामावर आला आणि पुढचे तीन महिने त्याने मी सांगितलेल्या कामापलीकडे एकही काम केले नाही. त्याला रजा नाकारल्याचे दुःख नव्हते. नियम नव्हता आणि फोन नंबर होता, हे त्याला दिसले होते. मैत्री जपायला म्हणून मी दिलेल्या त्या एका होकाराने माझ्या मित्रालाही शिफ्टमध्ये अवघडल्यासारखे झाले, हे मला फार उशिरा कळले.

तेव्हा रजेपासून सुरुवात करा आणि ती हिशेबाने करा. तुमच्याकडे अकरा माणसे आणि आठ मशीन आहेत. प्रत्येक मशीनला एक माणूस धरला तर तीन उरतात. त्यांतला एक जेवण-चहाच्या रिलीफला आणि डीबरिंग-पॅकिंगला लागतोच. उरले दोन. न सांगता गैरहजर राहणारा एखादा बहुतेक आठवड्यांत असतोच, म्हणून एक जागा त्याच्यासाठी मोकळी ठेवावी लागते. याचा अर्थ एरवीच्या दिवशी आधी मंजूर करता येणारी रजा एकच आहे. सणाच्या दिवसांत एखाद्या मशीनचे नियोजित मेन्टेनन्स त्याच आठवड्यात घ्यायला वरिष्ठांकडून मंजुरी मिळवलीत, तर ती दोन होते. हा हिशेब तुम्ही कदाचित मनात करतही असाल. पण तो लोकांसमोर फळ्यावर मांडला की 'साहेब देत नाहीत' हे वाक्य गळून पडते आणि 'दोनच जागा आहेत, मग कोणाला?' हा खरा प्रश्न पुढे येतो.

या प्रश्नाचे उत्तर नावे पुढे येण्याआधी ठरले पाहिजे. सणाच्या निदान सहा आठवडे आधी शिफ्टच्या सुरुवातीच्या मीटिंगमध्ये विचारा की दोन जागांसाठी चार अर्ज आले तर कसे ठरवायचे. लोक सहसा शहाणपणाने उत्तर देतात: मागच्या वर्षी ज्याला मिळाली नाही त्याला आधी; घरचे लग्न किंवा आजारपण असेल तर ते त्याच्याही आधी; दोघे सारखेच असतील तर चिठ्ठी. तुम्हाला हवे ते उत्तर त्यांच्या तोंडी घालू नका. ठरले ते कागदावर लिहा, तारीख घाला आणि लावा. नियम ठरताना त्याचा फायदा कोणाला होणार हे कोणालाच नक्की माहीत नसते, म्हणूनच तो सर्वांना मान्य होतो. नावे आल्यावर केलेला नियम कितीही न्याय्य असला तरी कोणासाठी तरी शिवलेला कपडा वाटतो.

ओव्हरटाइमला तर याहून जास्त काळजी लागते, कारण तिथे पैसा आहे. कायद्याने जादा तासांचा मोबदला नेहमीच्या दराच्या दुप्पट असतो, आणि सुट्टीच्या दिवशीचे एक ओव्हरटाइम अनेकांच्या घरच्या हप्त्याचे गणित असते. एक वही ठेवा आणि ती लाइनवरच कोणालाही उघडता येईल अशी ठेवा. तिच्यात नाव, शेवटी विचारल्याची तारीख, आणि हो की नाही, एवढेच लिहा. मात्र एक नियम त्यात पहिल्या दिवसापासून हवा: नाही म्हटले तरी पाळी गेली असे धरले जाईल. तो नसेल तर मंगळवारची रात्र नाकारून रविवार मागणारे दोघेतिघे सगळी वही खाऊन टाकतात. कधी अपवाद करावाच लागतो, म्हणजे एखादा पार्ट तिघांनाच येतो आणि पाळी चौथ्याची असते. तेव्हा त्याच दिवशी, त्याच ओळीत कारण लिहा. मात्र तेच कारण दोनदा आले तर तो अपवाद राहिला नाही. चौथ्याला तो पार्ट न शिकवण्यात तुमची चूक होत आहे असे समजा. मशीनच्या वाटपाबद्दल वेगळे सांगायला नको. बिडाचा काळा धुरळा उडणारे मशीन कोणालाच नको असते, ते आठवड्याने फिरते ठेवा.

चौथी गोष्ट, वर काय बोलता ती, भिंतीवर लावता येत नाही. तिच्यासाठी मी एकच नियम पाळत आलो आहे: ज्या माणसाने माझ्या तोंडून आधी ऐकले नाही, असे त्याच्याबद्दलचे काहीही मी वर बोलत नाही. हे पाळणे वाटते तितके सोपे नाही, कारण मॅनेजर चालता चालता विचारतात, 'तो अमुक कसा आहे हल्ली?' आणि उत्तर देण्याचा मोह होतो. 'त्याच्याशी बोलून उद्या सांगतो' असे म्हणायला शिका. चार वेळा असे म्हटलेत की ते शिफ्टपर्यंत आपोआप पोहोचते, तुम्हाला कोणाला सांगावे लागत नाही.

आता ज्या एका सोबत्याला आधी बढती मिळायला हवी होती, त्यांच्याबद्दल. हे बोलणे पहिल्या आठवड्यात व्हायला हवे होते. तुमचे झाले नसेल तर याच आठवड्यात करा, दोघेच असताना, आणि कॅन्टीनमध्ये करू नका. तिथे दहा जण तोंडाच्या हालचाली वाचत असतात. दोन वाक्ये टाळा. पहिले, 'माझी इच्छा नव्हती, साहेबांनीच केले.' त्याने त्यांचे दुःख हलके होत नाही आणि तुमची जागा मात्र तुम्हीच नाकारता. दुसरे, 'तुमच्याशिवाय माझे चालणार नाही.' त्यांना ते खुशामत वाटेल, आणि उद्या खरेच चालले नाही तर ती धमकी होईल. मी असे बोलायला सांगेन: 'दादा, ही जागा तुम्हाला मिळेल असे सगळ्यांना वाटत होते, मलाही वाटत होते. ती मला मिळाली आहे आणि मी हे काम करणार आहे. तुम्हाला याचा त्रास झाला असेल, तो मला तोंडावर सांगितलात तर मला चालेल. मला तुमच्याकडून एक काम हवे आहे, ते सांगू का?' मग थांबा. पहिल्या दिवशी ते फार काही बोलणार नाहीत. 'ठीक आहे, बघू' एवढे आले तरी पुरे.

जे काम द्याल त्यात अधिकार खरा असला पाहिजे. नव्या मुलांना शिकवण्याचे काम मला यासाठी सर्वांत योग्य वाटते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांतल्या सुपरवायझरांसाठी 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा कार्यक्रम झाला होता. त्यातली शिकवण्याची पद्धत आजही तशीच चालते: आधी माणसाची तयारी करून घ्या, मग काम करून दाखवा आणि समजावून सांगा, मग त्याच्याकडून करून घ्या, आणि नंतर अधूनमधून तपासा. त्या कार्यक्रमात असेही सांगत की शिकणाऱ्याला आले नसेल, तर शिकवणाऱ्याने शिकवलेले नाही. तुमच्या दादांना ट्रेनी द्या, आणि तो मशीनवर एकटा उभा राहायला तयार आहे की नाही हा निर्णय सर्वस्वी त्यांचा ठेवा. त्यांनी 'अजून आठवडा लागेल' म्हटले, तर माणूस कमी असतानाही तुम्ही ते मोडायचे नाही. मोडलेत तर अधिकार दिला होता हे नाटक ठरते, आणि त्यानंतर तो माणूस पुन्हा तुमच्या बाजूला येत नाही.

हे सगळे करूनही बिनसते कधीकधी. ते ओळखायची खूण अशी की मशीन थांबल्याची बातमी आधी त्यांच्याकडे जाते आणि तुम्हाला अर्ध्या तासाने कळते, किंवा तुम्ही सांगितलेल्या बदलावर ऑपरेटर एकदा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मग हात लावतात. असे दिसले तर लगेच मन खट्टू करून घेऊ नका. कित्येकदा यात त्यांचा हात नसतो, आठ वर्षांची सवय असते. 'आधी लीडरला सांग' एवढे त्यांनीच तोंडाने म्हणावे, अशी त्यांना विनंती करा. तेही नाकारले, तर मात्र तो प्रश्न तुमच्या दोघांत ठेवू नका, वरिष्ठांसमोर त्यांच्या उपस्थितीतच मांडा.

आतापर्यंत जे सांगितले ते व्यवस्थापन झाले. नेतृत्व कुठे लागते, ते दाखवायला मी एक प्रसंग तपशिलाने सांगतो. मी विभागप्रमुख असताना तुमच्यासारखाच एक नवा टीम लीडर माझ्याकडे होता. त्याच्या शिफ्टमध्ये एका हाउसिंगचे बोअर व्हायचे, माप २५.०० ते २५.०२ मिलिमीटर. दर तासाला एक पीस बोअर गेजने मोजून रीडिंग शीटवर लिहायचे आणि इन्सर्ट बदलल्यावर पहिला पीस पास झाल्याशिवाय पुढे चालवायचे नाही, असा नियम होता. मशीनवर होता त्याचा जिवलग मित्र. एका संध्याकाळी लीडर शीट पाहत असताना त्याला खटकले: सलग सहा तास रीडिंग २५.०१०.

ज्याने बोअरिंग केले आहे त्याला हे वाचताच कळते. इन्सर्ट झिजत जाते तसा माल कमी कापला जातो आणि बोअर हळूहळू लहान होत जाते. मग ऑपरेटर ऑफसेट देतो आणि माप पुन्हा वर येते. खऱ्या शीटवर ही उतरण आणि मधली उडी दिसायलाच हवी. सरळ रेघ म्हणजे मोजलेलेच नाही. लीडरने कंट्रोलवर पाहिले तर त्या दिवसात एकदा इन्सर्ट बदललेले होते आणि दोनदा ऑफसेट दिलेला होता, शीटवर त्याची खूणही नव्हती. बिनमधले चाळीस पीस मोजले, त्यांतले सहा लहान निघाले.

इथे नवा लीडर दोनपैकी एक चूक करतो. एक तर गुपचूप सहा पीस बाजूला काढतो, मित्राला खांद्यावर हात ठेवून 'असे नको करू यार' म्हणतो आणि प्रकरण मिटवतो. नाही तर 'मी कोणाचे ऐकत नाही' हे दाखवण्यासाठी सगळ्यांसमोर ओरडतो. आमच्या लीडरने मला येऊन विचारले, म्हणून आम्हाला विचार करायला वेळ मिळाला. त्याच युद्धकालीन कार्यक्रमात माणसांच्या प्रश्नांसाठी चार पायऱ्या सांगितल्या होत्या: वस्तुस्थिती गोळा करा, तोलून निर्णय घ्या, कृती करा, परिणाम तपासा. आम्ही त्याच क्रमाने गेलो.

पहिली कृती मालाविषयी झाली, माणसाविषयी नाही. मशीन थांबवले, दिवसभराचा सगळा माल लाल टॅग लावून वेगळा ठेवला आणि शंभर टक्के तपासणीला दिला. हे त्याच मिनिटाला करावे लागते, त्यात मैत्रीचा प्रश्नच येत नाही. माणसाशी बोलणे शिफ्ट संपल्यावर, बाजूला, दोघांतच झाले. लीडरने आरोप केला नाही. शीट आणि चाळीस पिसांची मापे समोर ठेवली आणि 'काय झाले ते सांग' म्हटले. मित्र आधी हसला, मग चिडला, आणि मग खरे बोलला. बोअर गेज दोन मशीनमध्ये मिळून एकच होता आणि तो दुसऱ्या टोकाच्या मशीनवर राहायचा. सायकल सत्तर सेकंदांची. गेज आणायला जावे, सेट करावे, मोजावे आणि परत ठेवावे यात तीनचार पीस बुडायचे, आणि तासाचा आकडा फळ्यावर लाल व्हायचा. म्हणून सकाळी एकदा मोजून बाकी त्याने मनाने लिहिले होते.

तोलण्याची पायरी इथे आली आणि माझ्या मते हाच या सगळ्याचा गाभा आहे. यात दोन वेगळ्या गोष्टी होत्या. न मोजणे ही चूक होती आणि तिचे निम्मे कारण आमचे होते, कारण गेज कमी दिला होता आणि मोजण्याचा वेळ तासाच्या आकड्यात धरलाच नव्हता. पण न मोजता आकडा लिहिणे हे खोटे होते आणि त्याचे कारण बाकी कोणाचे नव्हते. पहिल्यासाठी लीडरने दुसरा गेज मागितला आणि तो येईपर्यंत तासाचा आकडा मोजणी धरून कमी करून घेतला. दुसऱ्यासाठी त्याने मित्राला सांगितले, 'हे मी उद्या लिहून वर देणार आहे, जसे झाले तसे. गेजचेही लिहीन आणि रीडिंगचेही. तुला वाचून दाखवतो, मग देतो.' मेमो द्यायचा की तोंडी समज, हे ठरवणे लीडरचे काम नाही, ते एचआर आणि विभागप्रमुखांचे आहे. लीडरने फक्त घडलेले लिहायचे असते, विशेषणे न लावता. मित्राला लेखी समज मिळाली. तो महिनाभर लीडरशी कामापुरतेच बोलत होता.

ते झाकले असते तर काय झाले असते, हा विचार तुम्ही नक्की कराल, म्हणून सांगतो. त्या रात्रीपासून लीडर त्या मित्राचा ओलीस झाला असता. पुढच्या वेळी रजा नाकारली की 'तेव्हा मी काही बोललो का?' हे वाक्य आले असते. शिवाय सहा पीस बाजूला काढताना शेजारच्या मशीनवरचा माणूस पाहत असतोच, आणि मग त्याच्या शीटवरही सरळ रेघ दिसायला लागते.

नेतृत्वाचा भाग त्यानंतर आला. सरळ रेघ एकाच मशीनवर नसणार, हे आम्हा दोघांना माहीत होते. तीन आठवड्यांच्या शीट काढून पाहिल्या तर आणखी तीन मशीनवर तशाच रेघा होत्या. सगळ्यांना समज द्यायची म्हटली तर अर्धी शिफ्ट कागदावर आली असती आणि उरलेल्यांनी जास्त हुशारीने खोटे रीडिंग लिहिले असते, एकदा २५.००८, एकदा २५.०१२. ही सवय होती आणि ती मोडायची होती. लीडरने शिफ्टच्या सुरुवातीला पाच मिनिटांत सांगितले की मागचे आम्ही उकरणार नाही, आजपासून मोजलेलेच लिहायचे, माप बाहेर गेले तरी तेच लिहायचे. आकडा या आठवड्यात पडेल आणि त्याचे उत्तर मी वर दिलेले आहे, तुम्हाला कोणी विचारले तर माझ्याकडे पाठवा. मग पुढचे सहा दिवस तो तासातासाला एकेका मशीनवर गेला आणि ऑपरेटरबरोबर एक पीस स्वतः मोजला. पकडण्यासाठी गेला नव्हता. मोजून झाले की तो रीडिंगखाली आपलीही सही करायचा. त्या आठवड्यात उत्पादन खरोखर पडले, आणि प्लांटच्या मीटिंगमध्ये आम्ही दोघांनी बोलणी खाल्ली. ती खाताना त्याने 'लोकांनी रीडिंग खोटी लिहिली' असे एकदाही म्हटले नाही, हे खाली कसे कळले कोण जाणे, पण कळले.

लक्षात घ्या, आधी वही आणि तक्ता नसता तर हे बोलणे चालले नसते. 'आकडा पडला तर मी उत्तर देईन' असे ज्याने म्हटले, त्याने त्याआधी चार महिने ओव्हरटाइम सरळ वाटलेला होता, म्हणून लोकांनी त्याच्या शब्दावर खरे रीडिंग लिहिण्याचा धोका पत्करला. ज्याची रजेची यादी संशयास्पद आहे त्याने असे आश्वासन दिले असते, तर लोकांनी मान हलवली असती आणि २५.०१० लिहिले असते.

कामाबाहेरच्या मैत्रीचे काय, हे तुम्ही विचारलेले नाही, पण ते मनात असणारच. चहाला त्यांच्याबरोबरच बसत राहा. जुन्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून मात्र, सांगून बाहेर पडा. त्यांना तुमच्याविषयी बोलायला एक जागा हवी आणि तुम्हाला ते न वाचण्याची सोय हवी. त्यांच्या भिशीत असाल तर चालू फेरी पुरी करून थांबा, आणि उसने पैसे देणे-घेणे आजच बंद करा. घरच्या कार्यांना जा, पूर्वीसारखेच जा. शनिवारच्या बैठकीत मात्र उशिरापर्यंत थांबू नका, कारण तिसऱ्या ग्लासानंतर हजर नसलेल्या माणसाचा विषय निघतो आणि तुमचे मौनही दुसऱ्या दिवशी मत म्हणून फिरते. थोडे एकटे वाटेल. इतर शिफ्टच्या एखाद्या टीम लीडरशी ओळख वाढवा, त्यालाही तसेच वाटत असते.

युनियनचे सदस्य असाल तर एक गोष्ट वेळीच विचारून घ्या. कायद्याच्या दृष्टीने तुम्ही कामगार राहता की नाही, हे केवळ हुद्द्याच्या नावावरून ठरत नाही. प्रत्यक्षात तुम्ही मुख्यतः कोणते काम करता हे त्यात पाहिले जाते. एचआर आणि युनियन, दोघांनाही विचारा. अर्धवट माहितीवर सोबत्यांना काही सांगू नका. तसेच पगारवाढ, कायम करणे, बदली यांविषयी कोणालाही शब्द देऊ नका, कारण ते तुमच्या हातात नाही. मित्राला दिलेला आणि न पाळता आलेला शब्द साध्या नकाराहून जास्त काळ टोचतो.

तुमचे दोन महिने गेलेले आहेत, त्यामुळे एकदा थांबून नव्याने सुरू करावे लागेल. सोमवारी शिफ्टच्या सुरुवातीला सांगा की गेले दोन महिने मी रजा आणि ओव्हरटाइम तोंडी ठरवत होतो, त्यात काहींवर अन्याय झाला असेल, आजपासून ते लेखी होईल. नावे घेऊ नका, सफाई देऊ नका, आणि दुसऱ्यांदा माफीही मागू नका. पहिले दोनतीन आठवडे लोक तुमची परीक्षा घेतील. परीक्षा घेणारा बहुधा तुमचा सर्वांत जवळचा मित्रच असेल, आणि तो ती तुम्हाला अडचणीत आणण्यासाठी नाही, तर आपली जागा अजून आहे का हे पाहण्यासाठी घेईल. त्याला वहीकडे बोट दाखवा आणि चहा मात्र त्याच्याबरोबरच घ्या.

जमते आहे की नाही, हे तीन महिन्यांनी असे कळेल. पीस बिघडल्याची बातमी तुम्हाला तपासणी विभागाच्या आधी ऑपरेटरकडून मिळू लागेल. दोघे जण आपसात रजा बदलून फक्त नोंद करायला तुमच्याकडे येतील. 'बदलला' हा शब्द पूर्ण बंद होणार नाही. पण तो बोलणारा माणूस दर वेळी वेगळा असेल तर काळजी करू नका, आणि एकच असेल तर त्याला वेगळे भेटा. आणि गणपतीला सहा आठवड्यांहून कमी दिवस उरले असतील, तर सोमवारची वाट न पाहता रजेच्या नियमाचा विषय उद्याच्या मीटिंगमध्ये काढा.